राखीव आयपी रिकामाच राहतो तेव्हा

शिर्डीत गुरुवारी लॉज भरले की वाय-फायवर पहिला ताण येतो. म्हणून नेटवर्क बसवणारे अनेकजण रिसेप्शनच्या फोनसाठी राउटरमध्ये एक आयपी राखून ठेवतात, समजा 192.168.1.50, आणि बुकिंग अडकू नये म्हणून त्या आयपीला बँडविड्थमध्ये अग्रक्रम देतात. काम चोख दिसते. आठवड्याभरात मालकाचा फोन येतो की बुकिंग पुन्हा अडकते आहे. पाहावे तर फोन 192.168.1.137 वर, आणि राखीव आयपी रिकामा. मग राउटरला दोष देऊन तो बदलण्यापर्यंत मजल जाते.

राउटर मात्र निर्दोष असतो. रिझर्वेशन मॅक अ‍ॅड्रेसवर चालते, आणि तो बहुधा फोनच्या माहितीच्या पानावरून उतरवलेला असतो: 3C:41:0B:92:D7:15. तो कारखान्यातला पत्ता. वाय-फायला जोडताना फोन वेगळाच पत्ता सांगतो, उदाहरणार्थ 6E:08:F3:5A:21:C4. अँड्रॉइड 10 पासून (2019) आणि आयओएस 14 पासून (2020) असा वेगळा पत्ता सांगण्याची सोय मुळातच सुरू असते. कारणही रास्त आहे. 2013 मध्ये लंडनच्या रस्त्यांवरच्या कचरापेट्या येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन कारखान्यातल्या पत्त्यावरून ओळखत होत्या.

निदानाला मिनिटही लागत नाही. राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत पत्त्याचे दुसरे अक्षर पाहावे. ते 2, 6, A किंवा E असेल, तर पत्ता फोनने स्वतः बनवलेला समजावा.

खरी गुंतागुंत पुढे आहे. हा पत्ता प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा असतो. वरच्या मजल्यावरच्या रिपीटरला निराळे नाव दिले असेल, तर जिना चढताच फोन राउटरच्या लेखी परका होतो. अँड्रॉइडवर एका नेटवर्कसाठी बनलेला पत्ता सहसा फॅक्टरी रीसेटपर्यंत टिकतो. नेटवर्क विसरून पुन्हा जोडले तरी तोच येतो. आयफोनवर विसरल्यास तो बदलू शकतो. आयओएस 18 मध्ये Off, Fixed आणि Rotating असे तीन पर्याय आहेत. पासवर्ड नसलेल्या नेटवर्कवर Rotating आपोआप लागतो आणि पत्ता साधारण दोन आठवड्यांनी बदलतो. पाहुण्यांच्या सोयीसाठी वाय-फाय खुले ठेवणाऱ्या लॉजमध्ये तक्रार पुन्हा का उगवते, याचे एक उत्तर इथे मिळते.

उपाय एवढाच: रिसेप्शनच्या फोनवर, फक्त त्या नेटवर्कपुरते, अँड्रॉइडमध्ये Use device MAC किंवा आयफोनमध्ये Off निवडावे, वाय-फाय तोडून पुन्हा जोडावे आणि यादीत 3C ने सुरू होणारा पत्ता आला याची खात्री करावी. पाहुण्यांच्या फोनना हात लावू नये. त्यांची ती सोय त्यांच्यासाठीच आहे. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि प्रिंटर यांचे रिझर्वेशन पूर्वीसारखेच करावे, ती उपकरणे सहसा पत्ता बदलत नाहीत.

काम सोपवताना मालकाला द्यायच्या कागदावर वाय-फायचे नाव, फोनची ही सेटिंग आणि रिझर्वेशनचा मॅक अ‍ॅड्रेस लिहून द्या. रिसेप्शनला नवा फोन आला, की हे तिन्ही पुन्हा तपासायला सांगा.