चित्रफितीचा पंचनामा

हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी एक शैक्षणिक चित्रफीत आमच्या एका तरुण स्नेह्याने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार करविली व प्रसिद्धीपूर्वी आम्हांस दाखविली. आवाज स्वच्छ, भाषा शुद्ध, चित्रे मनोहर. दोष काढावा असे प्रथमदर्शनी काहीच दिसेना. तथापि चावडीत बसून लिहिलेली पीकपाहणी व प्रत्यक्ष शेत यांत किती अंतर पडते, हे आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. म्हणून तिचा रीतसर पंचनामा करावयाचे आम्ही ठरविले.

प्रथम सर्व निवेदन कागदावर उतरून घेतले व प्रत्येक विधानापुढे कृषि विद्यापीठाची शिफारस लिहीत गेलो. दोन चुका तत्काळ उघड झाल्या. रायझोबियम जिवाणूसंवर्धकाचे २५० ग्रॅम दहा किलो बियाण्यास पुरतात. निवेदनात ते एका किलोस सांगितले होते. दुसरी चूक अधिक घातक होती. आधी संवर्धक व मागाहून रासायनिक बुरशीनाशक चोळावे, असे त्यात होते. खरा क्रम उलट आहे. जिवाणू सर्वांत शेवटी लावावयाचे, नाहीतर औषधाने तेच मरतात.

त्यानंतर आवाज बंद करून केवळ चित्रे पाहिली. निवेदनात 'सावलीत सुकवावे' असे असता चित्रात बियाणे भर उन्हात पसरले होते. पुढे मुळांवरील गाठी दाखविल्या होत्या. पण तेथे मूळच ठिकठिकाणी फुगलेले होते. ते तर सूत्रकृमीच्या रोगाचे लक्षण! जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूस चिकटलेली असते, बोटाने सहज सुटते व कार्यक्षम असल्यास आतून गुलाबी दिसते. हे चित्र पाहून शेतकरी रोगी मुळासच निरोगी समजला असता.

चुका कळविल्यावर चित्रफीत पुन्हा करण्यात आली. क्रम, प्रमाण व सुकविण्याचे दृश्य सुधारले, परंतु पूर्वी बिनचूक असलेल्या हरभऱ्याच्या झाडास आता वाटाण्यासारखे ताणे फुटले! दुरुस्त भागच तेवढा तपासला असता तर हे सुटून गेले असते. अखेर झाडाची व मुळांची चित्रे काढून शेतात घेतलेली छायाचित्रे घातली, आणि सर्व चित्रफीत पहिल्यापासून पुन्हा तपासली.

आमचे मत असे की, शब्दांपेक्षा चित्रांची तपासणी अधिक कडक असावी. ऐकलेले प्रमाण शेतकरी शेजाऱ्यास विचारून घेतो. डोळ्यांनी पाहिलेले मात्र तसेच करतो. सबब ज्याने ते पीक स्वतः घेतले आहे अशा मनुष्याने पाहून आपले नाव खाली घातल्यावाचून अशी चित्रफीत कोणीही प्रसिद्ध करू नये. पंचनाम्यावर सही करणारा चुकीचा जाब देतो. यंत्र तो देत नाही.