पैसे गेले, कुकर कुठाय?

पूर्वी गुलमंडीवर दुकानदाराच्या एका हातात नोट ठेवली, की दुसऱ्या हातातून पुडकं यायचं. दोन्ही हात एकाच माणसाचे, त्यामुळे त्यांची एकमेकांशी ओळख असे. आता मोबाईलवरून पैसे भरले, की रक्कम आपल्या खात्यातून निघते आणि ‘पैसे मिळाले’ हा निरोप दुकानाच्या यंत्राकडे निराळा जावा लागतो. निरोप वाटेत हरवला, की पैसे गेलेले, ऑर्डर नाही, आणि दोन्हीकडचे साहेब एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे!

आमचा १,४५० रुपयांचा कुकर असाच अडकला. ३ तारखेला यूपीआयनं पैसे वजा झाले. दुकान म्हणालं, “ऑर्डरच नाही.” बँकेतला पोरगा म्हणाला, “काका, सात कामकाजाचे दिवस थांबा, येतील आपोआप.” घरी हे सांगितलं तर सौ. म्हणाली, “अहो, मग डाळपण आपोआपच शिजेल का?”

माझं भांडण या ‘थांबा’शी आहे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक सांगतं, की पैसे वजा झाले आणि दुकानाला खात्रीचा निरोप पोचला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत आलेच पाहिजेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकानं तक्रार करायची वाट न पाहता! ‘कामकाजाचे सात’ हे त्यात कुठून घुसले, देव जाणे.

हिशेब करा. ३ तारीख अधिक पाच म्हणजे ८. आमचे पैसे आले १४ ला. उशीर सहा दिवसांचा, भरपाई सहाशे. १,४५० आपोआप आले. सहाशेंना मात्र वाट सापडली नाही. ॲपमध्ये तो व्यवहार उघडून तक्रार नोंदवली, बँकेला यूटीआर क्रमांक, तारीख आणि रक्कम घालून पत्र दिलं, पोच घेतली. मग आले.

एक पथ्य मात्र पाळावं. दुकानानं ऑर्डर घेतली आणि नंतर रद्द केली, तर तो साधा परतावा. तिथं हे शंभर रुपये लागू नाहीत, भांडण दुकानाशी. म्हणून ‘ऑर्डर नाही’ हे दुकानाकडून लेखी घ्यावं. आणि बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा वाटाण्याच्या अक्षता लावल्या, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जावं.

लोक म्हणतात, सहाशेंसाठी एवढा खटाटोप? अहो, कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला तर बँक दंड लावायला आपल्या पत्राची वाट बघते का? तिथलं ‘आपोआप’ कसं मिनिटाला धावतं! तेच यंत्र उलट्या दिशेनं फिरवायला मात्र ग्राहकानं कागद घेऊन खिडकीशी उभं राहायचं. मागेल त्यालाच मिळणार असेल, तर त्याला भरपाई नव्हे, बक्षीस म्हणावं.