गुरांच्या वैरणीत युरिया : कोणी घालावा, किती घालावा, कसा घालावा

रब्बीची सुगी संपून गंजी रचल्या गेल्या, म्हणजे पुढील चार महिने बहुतेक कोरडवाहू गावांत गुरांच्या दावणीस ज्वारीच्या कडब्याखेरीज दुसरे काही पडत नाही. पेंड महाग, हिरवा चारा दुर्मिळ, आणि भाकड गाईस किंवा रिकाम्या बैलास पेंड चारण्याची ऐपत थोड्यांची. अशा वेळी खताच्या पोत्यातील युरिया थोडा वैरणीत घातल्यास पेंडीचे काम भागते काय, हा प्रश्न शेतकरी बंधू वारंवार विचारतात. आमचे उत्तर असे की, भागते, पण अर्धेच भागते; आणि ज्याच्या घरी वजनाचा काटा नाही, त्याने हा उद्योग आरंभूच नये.

युरिया हे प्रथिन नव्हे. त्याच्या १०० भागांत ४६ भाग नत्र असते, एवढेच. परंतु गाय, बैल, म्हैस या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जंतू असतात, ते या नत्रापासून स्वतःच्या शरीराचे प्रथिन बनवितात, आणि पुढील पोटांत ते जंतूच पचून जनावरास ते प्रथिन मिळते. फिनलंडमधील शास्त्रज्ञ विर्तानेन यांनी १९६० नंतरच्या दशकात काही गाईंस युरिया आणि अमोनियाचे क्षार यांखेरीज नत्राचा दुसरा आधार न देता पोसले, आणि त्या गाईंनी दूधही दिले. म्हणून मूळ तत्त्वाविषयी शंका उरलेली नाही. मात्र त्या गाईंस जोडीला पिष्ट आणि साखर भरपूर मिळत होती, ही गोष्ट युरियाची वाखाणणी करणारे बहुधा सांगत नाहीत, आणि सारे मर्म तेथेच आहे.

कोठीपोटात गेल्यावर युरियाचा अमोनिया फार झपाट्याने होतो; तासाभराच्या आतच बहुतेक काम उरकते. त्या वेळी जंतूंस गूळ, काकवी, मळी किंवा भरड धान्य यांचे बळ मिळाले, तर ते अमोनिया उचलून घेतात. ते न मिळाल्यास किंवा अमोनिया त्यांच्या आवाक्याबाहेर गेल्यास तो रक्तात उतरतो. यकृत त्याचा पुन्हा युरिया करून तो लघवीवाटे बाहेर टाकते. पण यकृताच्या शक्तीसही मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. सारांश, युरियाचा घात जसा मापामुळे होतो, तसाच तो वेगामुळेही होतो. पुढील सर्व नियम या एकाच कारणातून निघाले आहेत, हे ध्यानात ठेवल्यास ते पाठ करण्याची गरज पडणार नाही.

एक उदाहरण घेऊ. ३५० किलो वजनाची भाकड गाय दिवसास ७ किलो कडबा खाते. कडब्यात शेकडा साडेतीन प्रथिन धरले, तर तिला सुमारे २४५ ग्रॅम प्रथिन मिळते. कोठीपोटातील जंतूंचे काम नीट चालावयाचे, तर चाऱ्यात शेकडा सात तरी प्रथिन असावे लागते, म्हणजे ४९० ग्रॅम. तूट निम्म्याची आहे. युरियाचा एक ग्रॅम हिशेबाने २.८७ ग्रॅम प्रथिनाच्या बरोबरीचा धरतात. तेव्हा ५० ग्रॅम युरियाने १४३ ग्रॅम भरून निघतात, आणि पाव किलो शेंगदाणा पेंडीने आणखी सुमारे १००. तूट जवळजवळ मिटली. एकूण कोरड्या चाऱ्याच्या शेकडा एक भागावर युरिया जाऊ नये, अशी मर्यादा आहे; या गाईपुरती ती सुमारे ७० ग्रॅम येते. सगळी पेंड वाचविण्याच्या लोभाने त्या कडेपर्यंत जाऊ नये, ५० वर थांबावे, असे आमचे मत आहे.

आता मिसळण्याची रीत. कडब्याची कुट्टी करून ती स्वच्छ फरशीवर किंवा ताडपत्रीवर पातळ पसरावी. वरील गाईच्या एका दिवसाच्या ७ किलो कुट्टीसाठी दीड लिटर पाणी घेऊन त्यात ५० ग्रॅम युरिया पूर्ण विरघळवावा. तळाशी एकही दाणा राहता कामा नये. त्यातच अर्धा किलो गूळ किंवा काकवी आणि ३० ग्रॅम मीठ घालून ढवळावे. हे पाणी झारीने कुट्टीवर थोडे शिंपावे, कुट्टी उलथावी, पुन्हा शिंपावे, पुन्हा उलथावी. नंतर ५० ग्रॅम खनिज मिश्रण भुरभुरून मिसळावे. जंतूंस नत्राबरोबर गंधक आणि स्फुरदही लागते. हा चारा निम्मा सकाळी, निम्मा सायंकाळी द्यावा. एका वेळी सगळा देऊ नये. पेंड वेगळी द्यावी.

कोरडा युरिया वरून भुरकावण्याची आळशी रीत काही ठिकाणी दिसते, ती सोडून द्यावी. दाणे निसटून गव्हाणीच्या तळाशी जमतात, आणि शेवटचा घास विषाचा होतो. त्याहून वाईट म्हणजे उरलेले युरियाचे पाणी बादलीत तसेच ठेवणे. तहानलेला बैल ते एका दमात पितो, आणि मग मालक औताला शिव्या देतो किंवा शेजाऱ्याच्या नजरेला. कालविलेले सर्व पाणी कुट्टीवरच संपवावे आणि भांडे लगेच धुवावे. गव्हाणीत पाऊस शिरत असेल, तर पावसाळ्यात हा चारा देऊच नये, कारण भिजलेल्या चाऱ्यातून युरिया सुटून तळाच्या पाण्यात उतरतो. नांगरटीवरून भुकेलेले जनावर आले असता त्यास आधी साधा कडबा आणि पाणी द्यावे, मग हा चारा.

मूठ हे माप नव्हे. किराणा दुकानातील काट्यावर ५० ग्रॅम युरिया एकदा तोलून एखाद्या लहान डब्यात भरावा, तेथे खूण करावी, आणि तोच डबा कायम वापरावा.

आणखी एक घोटाळा येथेच सांगितला पाहिजे. गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा मऊ करण्यासाठी १०० किलो काडास ४ किलो युरियाचे पाणी शिंपून ते तीन आठवडे हवाबंद दाबून ठेवण्याची एक वेगळी, चांगली रीत आहे. तीत युरियाचा अमोनिया पोटाबाहेरच होतो, काडात मुरतो, आणि जादा असेल तो चारा उघडून वारा दिल्यावर उडून जातो. तिचे ४ किलोचे प्रमाण ऐकून जो शेतकरी त्याच दिवशी चारावयाच्या कुट्टीत तेवढा युरिया घालील, तो आमच्या उदाहरणातील गाईस ५० ऐवजी २८० ग्रॅम चारील.

याहून मोठी चूक उतावळेपणाची. नवख्या जनावरास पहिल्या दिवसापासून पूर्ण माप देऊ नये. पहिला आठवडा १५ ग्रॅम, दुसरा ३० ग्रॅम, तिसरा ४० ग्रॅम आणि चौथ्या आठवड्यापासून ५० ग्रॅम, असे चढत जावे. या अवधीत जंतू आणि यकृत दोन्ही अमोनियास सरावतात. पण हा सराव जितक्या सावकाश येतो, तितक्याच लवकर जातो. बाजार, यात्रा, आजारपण किंवा गूळ संपला म्हणून दोन-तीन दिवस खंड पडला, तर पुन्हा १५ ग्रॅमपासून आरंभ करावा. ‘महिनाभर खातच होती की’ हे समाधान येथे उपयोगी पडत नाही.

सहा महिन्यांखालील वासरांस युरिया देऊ नये, त्यांचे कोठीपोट अजून तयार नसते. घोडे, डुकरे, कोंबड्या यांस त्याचा काही लाभ नाही. आजारी, उपाशी किंवा अति रोड जनावर वगळावे. ज्या दुभत्या गाईस पेंड आणि लसूणघास पोटभर मिळतो, तिच्या पोटात अमोनिया आधीच पुरेसा असतो. तिला युरिया घालणे म्हणजे पैसे लघवीवाटे घालविणे.

सराव नसलेल्या उपाशी जनावरास शरीराच्या दर किलोमागे ०.३ ते ०.५ ग्रॅम युरिया एकदम पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते. दर किलोस एक ते दीड ग्रॅम हा मरणाचा आकडा. आमच्या गाईपुरते पाहिले, तर सुमारे १०५ ते १७५ ग्रॅमला धोका आणि साडेतीनशेच्या पुढे बहुधा अंत. फुटलेल्या पोत्यात तोंड घालून चाटणारे जनावर इतके सहज खाते. म्हणून पोते गोठ्यात ठेवू नये, आणि पोती धुतलेले पाणी हौदात जाऊ देऊ नये.

लक्षणे खाल्ल्यापासून बहुधा २० मिनिटे ते एक तासात दिसतात. प्रथम जनावर अस्वस्थ होते. कान आणि तोंडाभोवतीचे स्नायू फडफडतात, ते दात खाते, तोंडातून फेसाळ लाळ गळते. मग अंगाला कापरे, वारंवार लघवी, पोटफुगी, जलद आणि कष्टाचा श्वास, झोकांड्या, हंबरणे, आणि शेवटी पडून झटके. कोवळ्या ज्वारीची किरळ लागल्यावरही जनावर असेच अचानक कोसळते, आणि दोहोंचे उपचार भिन्न आहेत. यास्तव गेल्या दोन तासांत काय खाल्ले, हे डॉक्टरांस प्रथम सांगावे.

पशुवैद्यास बोलावणे धाडून चारा तत्काळ काढावा. उपाय आहे तो गार पाणी आणि शिरका. मोठ्या जनावरास २० ते ३० लिटर गार पाणी आणि २ ते ४ लिटर शिरका पोटात गेला पाहिजे. गारव्याने युरिया फुटण्याचा वेग मंदावतो, आणि आंबटपणाने अमोनियाचे रूप बदलून तो रक्तात कमी उतरतो. एवढे पाणी नळीनेच जाते, आणि ते काम डॉक्टरांचे. तोवर जनावर उभे असून नीट गिळत असेल, तर शिरका पाण्यात मिसळून थोडा थोडा पाजावा. झटके येत असता मात्र तोंडात काहीही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. आंबट ताक किंवा चिंचेचे पाणी नाइलाजाने चालेल, पण ते शिरक्याची बरोबरी करीत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की, युरियाचे पोते उघडण्यापूर्वी चार लिटर शिरका घरात आणून ठेवावा. जनावर सावरले, तरी दिवसभर त्याजवळ माणूस असावे. लक्षणे उलटतात, आणि पुन्हा पाजावे लागते.

जाता जाता पेंडीविषयी. प्रयोगशाळेतील नेहमीच्या तपासणीत नत्र मोजून त्यावरून प्रथिन काढतात. त्यामुळे पेंडीत युरिया मिसळून प्रथिनाचा आकडा फुगविता येतो, आणि काही व्यापारी तो फुगवितात. अशी पेंड आणि वर घरचा ५० ग्रॅम युरिया, असा दुहेरी मारा होतो. संशय आल्यास थोडी पेंड कोमट पाण्यात कालवून त्यात कच्च्या सोयाबीनचे पीठ घालावे आणि भांडे अर्धा तास झाकून ठेवावे. युरिया असल्यास झाकण काढताच अमोनियाचा उग्र दर्प येतो, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये युरिया फोडणारा पदार्थ असतो. याच कारणास्तव, ज्या गव्हाणीत युरियाचा चारा आहे, तेथे कच्चे सोयाबीन किंवा त्याचा भरडा कधीही पडू देऊ नये.