सदस्य व्हा, पण ‘सदस्य दरा’ला भुलू नका

विमान कंपन्यांच्या अ‍ॅपवर हल्ली एकाच तिकिटाचे दोन दर दिसतात. एक सर्वांसाठी, दुसरा लॉगिन केलेल्या सदस्यांसाठी. वर ‘फक्त अ‍ॅपवर’ म्हणून आणखी एक सवलत असते. दोन-तीन वर्षांतून एकदा दुबई-मस्कतला मुलाकडे जाणाऱ्या आपल्या कोकणातल्या आईवडिलांना यातून काही मिळतं का, हा माझा प्रश्न आहे.

मिळतं, पण जाहिरातीत दाखवतात ते नव्हे. पॉइंट्सचा मोह आधी सोडून द्यावा. एका फेरीत साचलेल्या पॉइंट्समधून तिकीट निघत नाही, आणि दुसरी फेरी होईपर्यंत बहुधा त्यांची मुदत संपलेली असते. खरा फायदा आहे तो ‘कन्व्हिनियन्स फी’ माफ होण्यात. ऑनलाईन पैसे भरल्याबद्दल लागणारी ही रक्कम बहुतेक कंपन्या दर प्रवाशामागे, दर टप्प्याला घेतात. म्हणजे नवरा-बायको जाऊन-येऊन असतील तर ती चार वेळा लागते. काही कंपन्या सदस्यांना ती पूर्ण माफ करतात.

आता हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, मुंबई-दुबईचं बॅगेसह नेहमीचं तिकीट एका बाजूने 11,000 रुपये आहे आणि फी 500. दोघांचे चार टप्पे धरले तर 44,000 आणि वर 2,000, असे एकूण 46,000 होतात. त्याच पडद्यावर सदस्यांसाठी ‘लाइट’ दर दिसतो 10,000 रुपये, फी शून्य. एकूण 40,000. कुणाचंही बोट तिथेच जाईल.

पण लाइट म्हणजे हातातल्या छोट्या सामानावरचं तिकीट. मुलाकडे रिकाम्या हातानं कोण जातं? कोकम, फणसपोळी, घरचा मसाला, नातवंडांचे कपडे असं सगळं बॅगेत भरलेलं असतं. आधीच नोंदवलेल्या बॅगेचे टप्प्याला 1,500 धरले तर चार टप्प्यांचे 6,000 वाढतात. बेरीज पुन्हा 46,000. बॅग न नोंदवता काउंटरवर गेलात तर किलोमागे पैसे मोजावे लागतात, आणि तो दर आधी नोंदवण्यापेक्षा बराच चढा असतो.

याच दोघांनी सदस्य होऊन नेहमीचं बॅगेचं तिकीट घेतलं असतं, तर फी माफ होऊन 44,000 पडले असते. म्हणजे सदस्यत्वाने दोन हजार वाचवले आणि सदस्य दराने ते परत घेतले! हां, जाताना बॅगा भरलेल्या आणि येताना हात मोकळे असतील, तर लाइटवर एकाच बाजूची बॅग घेऊन 43,000 मध्ये भागतं. म्हणून पहिल्या पानावरचा दर बघून काही ठरवू नये. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन बॅगेसकट बेरीज बघावी.

टक्केवारीच्या सवलतीचंही असंच आहे. ‘10 टक्के सूट’ सहसा मूळ भाड्यावर असते. 6,000 च्या तिकिटात मूळ भाडं 4,400 असेल, तर सूट 600 नव्हे, 440 मिळते. बाकी रकमेत विमानतळ शुल्क, सुरक्षा शुल्क, जीएसटी असतो.

मुळात ही फी आहेच कशाला? 2020 पासून बँक खात्यातून केलेल्या यूपीआय पेमेंटवर व्यापाऱ्याला बँकेचं शुल्क लागत नाही, तरीही प्रवाशाकडून फी वसूल होते. आधी फी लावायची, मग ती माफ करून उपकार दाखवायचे, आणि बदल्यात नाव, जन्मतारीख, मोबाईल, ईमेल घ्यायचं. ज्या म्हाताऱ्या माणसाकडे साधा फोन आहे, तो मात्र पूर्ण पैसे भरतो. मला ही सवलत वाटत नाही. अ‍ॅप न वापरणाऱ्यावर लावलेला दंड वाटतो.

तरीही वर्षा-दोन वर्षांतून प्रवास करणाऱ्याने खातं उघडावं, असंच मी म्हणेन. फक्त ते प्रवाशाच्या नावाने, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने आणि चालू असलेल्या नंबरवर उघडावं. आपल्याकडे भाच्याचा किंवा एजंटचा नंबर देण्याची पद्धत आहे. मग विमानाची वेळ बदलल्याचा निरोप त्यांच्या फोनवर जातो आणि आपण जुन्या वेळेला विमानतळावर हजर! रिफंडही ज्या कार्डाने पैसे भरले त्यावरच परत येतो. तिकीट रद्द केलं आणि मूळ भाडं बुडालं, तरी विमानतळाचं प्रवासी शुल्क परत मिळालं पाहिजे, असा डीजीसीएचा नियम आहे. सवलतीच्या तिकिटालाही तो लागू आहे. ते पैसे मागून घ्यावेत.

पासपोर्ट आणि कार्डाचा तपशील मात्र खात्यात साठवून ठेवू नये. 2021 मध्ये एअर इंडियाने जाहीर केलं की जगभरातल्या सुमारे 45 लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेली. तिच्यात पासपोर्टचे तपशील होते, आणि जवळपास दहा वर्षांपूर्वी नोंदवलेली माहितीही होती. आंतरराष्ट्रीय तिकिटासाठी पासपोर्ट नंबर द्यावाच लागतो, तो त्या-त्या वेळी भरावा. अ‍ॅपने फोनमधले संपर्क मागितले तर नाही म्हणावं, तिकीट तरीही निघतं. आणि प्रवास संपला, रिफंड वगैरे काही अडकलेलं नसलं, की अ‍ॅप काढून टाकावं. खातं राहतं, पुढच्या वेळी त्याच नंबरवर उघडता येतं.