डिलिव्हरी झाली, इन्स्टॉलेशन कधी?

आळंदीत शिकायला आलेला विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हॉस्टेल सोडतो, देहू फाट्याला किंवा मरकळ रोडला चौघांत फ्लॅट घेतो आणि वर्गणी काढून वॉशिंग मशीन मागवतो. मशीन दोन दिवसांत दारात येतं. ते बसवून देणारा माणूस मात्र येत नाही. मग आपण काय करतो? कोपऱ्यावरच्या प्लंबरला तीनशे रुपये देतो आणि विषय संपवतो. माझं म्हणणं असं, की विषय तिथे संपत नाही. उलट आपला हक्क तिथे संपतो!

कसं ते सांगते. ऑनलाइन खरेदीत वस्तू बदलून घ्यायची मुदत साधारण सात किंवा दहा दिवसांची असते आणि ती डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजतात. पण कंपनी म्हणते, आमचा टेक्निशियन आल्याशिवाय खोकं उघडू नका. म्हणजे आत दोष आहे की नाही हे कळणार इन्स्टॉलेशनच्या दिवशी आणि घड्याळ सुरू झालेलं डिलिव्हरीच्या दिवशी. टेक्निशियन बाराव्या दिवशी आला आणि मशीन खराब निघालं, तर नवं मशीन मागायची मुदत गेलेली असते. हातात उरते फक्त वॉरंटी, म्हणजे दुरुस्ती. माझ्या मते ही मुदत इन्स्टॉलेशनपासूनच मोजायला हवी. पण तसं होत नाही तोवर आपल्यालाच सावध राहावं लागणार.

प्लंबरचा उपाय फ्रंट लोड मशीनला तर फारच महाग पडू शकतो. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून मागच्या बाजूने तीन-चार लांब बोल्ट लावलेले असतात. ते काढायचे राहिले आणि मशीन सुरू केलं, तर स्पिनच्या वेळी ते अख्खं जागेवरून उड्या मारतं आणि आतलं सस्पेन्शन बिघडतं. मग कंपनी सांगते, चुकीच्या जोडणीमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

आता आमच्या ओळखीतल्या एका फ्लॅटची गोष्ट बघा. कार्तिकी यात्रेच्या आधी मशीन आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी बंद खोक्याचा आणि त्यावरच्या सीरियल नंबरचा फोटो काढला, खोक्यावरच्या टोल-फ्री नंबरवर फोन केला आणि रिक्वेस्ट नंबर लिहून घेतला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'ग्राहक उपलब्ध नाही, कॉल बंद'. कोणी आलंच नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, की पत्त्यात नुसतं 'आळंदी, जि. पुणे' वाचून कॉल हवेली तालुक्यातल्या म्हातोबाच्या आळंदीकडे गेला होता! म्हणून पत्ता लिहिताना 'आळंदी देवाची, ता. खेड, 412105' असा पूर्ण लिहावा.

इथे त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, 'नवीन कॉल टाकते.' हे म्हणाले, 'नको, जुनाच परत उघडा.' नवीन नंबर घेतला, की रेकॉर्डवर तक्रार आजची दिसते आणि आधीचे तीन दिवस पुसले जातात. पुढे यात्रेमुळे रस्ते बंद, गाडी येणार नाही, असं उत्तर मिळालं. यात्रेची अडचण खरीच होती. पण मुदत यात्रेसाठी थांबत नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी विकणाऱ्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार असा अधिकारी नेमणं, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे. त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. मेलमध्ये चारच ओळी होत्या: बिल नंबर, डिलिव्हरीची तारीख, रिक्वेस्ट नंबर, आणि 'अमुक तारखेपर्यंत इन्स्टॉलेशन करा, नाहीतर मशीन परत घेऊन पैसे द्या'. आठव्या दिवशी, मुदत संपायच्या आत, त्यांनी ॲपमधून रिप्लेसमेंटची रिक्वेस्टही टाकली आणि 'इन्स्टॉलेशन न झाल्याने वस्तू तपासता आलेली नाही' असं कारण लिहिलं. त्याच दिवशी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं. consumerhelpline.gov.in वरूनही तक्रार करता येते.

टेक्निशियन अकराव्या दिवशी आला. मशीन चालू केलं तर दारातून पाणी गळत होतं. मुदत एक दिवसाने टळली होती, पण रिक्वेस्ट आठव्या दिवसाची होती. मशीन बदलून मिळालं.

आणखी एक सापळा ओटीपीचा. 'सर, उद्या नक्की येतो, तेवढा ओटीपी सांगा' असा फोन आला तर सांगू नका. तो ओटीपी काम पूर्ण झाल्याचा असतो. एकदा दिला, की रेकॉर्डवर मशीन बसलेलं असतं आणि आपण खोटे ठरतो.

नुकसानभरपाईबद्दल मात्र गैरसमज नको. वीज कंपनीला उशिरासाठी ठरलेल्या दराने भरपाई द्यावी लागते, तसा दर इथे नाही. हेल्पलाइन कंपनीशी बोलून मार्ग काढते, हुकूम देऊ शकत नाही. तो अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. म्हणजे कंपनी बेंगळुरूची असली तरी आळंदीतल्या माणसाला पुण्याचा आयोग चालतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि e-jagriti.gov.in वरून अर्ज भरता येतो. पण आयोग पुरावा मागतो. त्या दिवसांतली लाँड्रीची बिलं, मेल, मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. फार मोठ्या रकमेची आशा धरू नका. इन्स्टॉलेशन मोफत कबूल केलं होतं हे बिलावर किंवा साइटवर लिहिलेलं असेल, तर केस भक्कम. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर ती लंगडी.

आता थोडं आपल्या बाजूचंही. पाणी गरम करणाऱ्या मशीनचा हीटर साधारण 2000 वॉटचा असतो. 230 व्होल्टला भागा, करंट येतो जवळजवळ 8.7 अँपिअर. आपल्या रूममधला प्लग सहाचा! अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा पॉइंट, मशीनजवळ नळ आणि पाणी जायला वाट नसेल तर टेक्निशियन 'जागा तयार नाही' लिहून परत जातो, आणि ते बरोबरच असतं. मालकाशी हे आधीच बोलून घ्यावं.

आणि रेक्टर सरांना व ऑफिसला एक विनंती. हॉस्टेलच्या कॉमन रूमसाठी मशीन किंवा वॉटर प्युरिफायर येतो तेव्हा आपण सगळे लेक्चरला असतो आणि गेटवरचे काका अनोळखी माणसाला आत सोडत नाहीत. त्यात त्यांची चूक नाही. पण गेटवर एक वही ठेवली, त्यात आलेल्या टेक्निशियनचं नाव, वेळ आणि रिक्वेस्ट नंबर लिहिला, आणि ऑफिसमधल्या एकाचा फोन नंबर बुकिंगला दिला, तर 'ग्राहक उपलब्ध नाही' हे खरं की खोटं ते वहीच सांगेल. वहीची किंमत चाळीस रुपये असेल. मेस कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी हा मुद्दा मांडणार आहे.