जूनचे आभाळ: ढीग की थर?

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मानोरा तालुक्यात पडणारा पाऊस दोन वेगळ्या जातींच्या ढगांतून येतो. एक ढग खालून वर ढीग रचत जातो, दुसरा आडवा थर पसरत जातो. लंडनचा औषधविक्रेता ल्यूक हॉवर्ड याने 1802 मध्ये ढगांना लॅटिन नावे दिली. त्यातला क्युम्युलस म्हणजे ढीग आणि स्ट्रेटस म्हणजे थर. उंचावरच्या तंतुमय ढगाला त्याने सिरस म्हटले. शाळेच्या भूगोलात पुढे दहा प्रकार येतात. पण सोयाबीन आणि तुरीच्या पेरणीची वाट पाहणाऱ्या मानोऱ्यात नवशिक्याने ढीग आणि थर यांतला फरक आधी ओळखावा. ढिगाचा पाऊस जोराचा, थोडा वेळ टिकणारा आणि एखाद्या शिवारापुरता असतो. थराचा पाऊस संथ असतो, लांबतो आणि तालुकाभर पडतो.

ढीग कसा तयार होतो, हे मे महिन्याच्या अखेरीस एकाच दिवसात पाहता येते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते, चढताना थंड होते आणि ठरावीक उंचीवर तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनतात. म्हणून या ढगांचे तळ सपाट आणि जवळजवळ एकाच उंचीवर असतात. ते उंचीपेक्षा रुंद राहिले आणि सूर्य कलताना विरले, तर त्या दिवशी पावसाची आशा नको. मात्र दुपारी बारा-एकलाच एखादा ढग रुंदीपेक्षा उंच झाला आणि त्याचा माथा फुलकोबीसारखा फुगत, कडा रेखीव ठेवत वर सरकू लागला, तर दुपारनंतर गडगडाटाची शक्यता बरीच वाढते. सकाळीच मध्यम उंचीवर बुरूजवजा छोटे ढग एका रांगेत उभे दिसले, तर तीही अशीच सूचना असते. वरची हवा आधीच अस्थिर असल्याचे ते सांगतात.

यानंतरचा बदल माथ्यावर दिसतो. रेखीव कडा धूसर, तंतुमय होऊ लागल्या की वरचे थेंब गोठून हिमकण होत आहेत असे समजावे. माथा आणखी वर जाता येत नाही अशा थराला टेकतो आणि आडवा पसरतो. हाच क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी ढग. आपल्या भागात तो पंधरा किलोमीटरपर्यंतही चढू शकतो. त्याच्या तळातून पाऊस सुटला की थंड हवेचा लोट खाली आदळतो आणि पुढे धावतो. मंगरुळपीरच्या बाजूने काळा ढग येताना पावसाआधी धुळीचा वारा लागतो आणि अंगाला एकदम गारवा जाणवतो, तो या लोटामुळे. त्या वेळी विजेचा धोकाही जवळ आलेला असतो. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळते. आवाज तीस सेकंदांच्या आत आला, तर झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. नजरेने केलेला अंदाज त्याच्याशी ताडून पाहता येतो.

मे महिन्यात मोठा ढग येऊनही पाऊस जमिनीपर्यंत का पोचत नाही, याचे उत्तर तळाच्या उंचीत आहे. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांतल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढिगाचा तळ सुमारे 125 मीटर उंच जातो. समजा मेच्या दुपारी तापमान 42 अंश आणि दवबिंदू 18 अंश आहे. फरक 24 अंशांचा, म्हणजे तळ जमिनीपासून सुमारे 3,000 मीटर वर. इतक्या कोरड्या हवेतून पडताना थेंब वाटेतच सुकतात, ढगाखाली करड्या रेषा लोंबताना दिसतात आणि गावात वाराच तेवढा येतो. जुलैत तापमान 29 आणि दवबिंदू 23 असेल, तर तोच तळ 750 मीटरवर येतो. त्यामुळे तळ किती खाली आला, हे पाहणे ढगाच्या काळेपणापेक्षा अधिक उपयोगी आहे. काळेपणा म्हणजे फक्त दाटी. ढगाच्या ज्या बाजूवर ऊन पडते, तीच बाजू पांढरी दिसते.

एका ढिगाचे आयुष्य बहुधा तासाभराचेच असते. तेवढ्यात एखाद्या गावी तीस मिलिमीटर पाऊस पडू शकतो आणि शेजारचे गाव कोरडे राहू शकते. नेमकी इथे पेरणी फसते. सोयाबीनसाठी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असा कृषी खात्याचा नेहमीचा सल्ला आहे. वळवाच्या एका सरीने काळ्या मातीचा वरचा थर तेवढा ओला होतो, भेगांखालची माती कोरडीच राहते. बी उगवते, पुढचे आठ-दहा दिवस ऊन पडते आणि दुबार पेरणीची पाळी येते. सर कोसळून गेल्यावर सायंकाळी आभाळ मोकळे झाले, वर फक्त तुटलेला माथा उरला आणि उकाडा परतला, तर तो पाऊस ढिगाचाच होता.

मोसमी पाऊस विदर्भात सर्वसाधारणपणे 15 जूनच्या आसपास येतो. तो स्थिरावल्याची एक खूण साध्या डोळ्यांनी दिसते: खालचे तुटक ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे पळत असतात आणि त्यांच्या फटीतून दिसणारे उंचावरचे तंतू उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. मोसमी काळात बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेचे वारे वाहतात, म्हणून असे होते. हे पाहण्यासाठी विजेच्या खांबाच्या टोकाशी नजर स्थिर ठेवून काही मिनिटे थांबावे लागते, कारण वरचे ढग फार हळू सरकताना दिसतात.

थराचा, म्हणजे झडीचा पाऊस बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे येतो. हे क्षेत्र ओडिशा आणि छत्तीसगडवरून वायव्येकडे सरकते, आणि त्याच्या नैर्ऋत्येला सर्वांत जास्त पाऊस असतो. मध्य भारतावरून ते जाते तेव्हा विदर्भ या बाजूला सापडतो. आधी आभाळभर पातळ पांढरा पडदा येतो आणि चंद्राला खळे पडते. मग पडदा दाट होतो, सूर्य घासलेल्या काचेमागे असल्यासारखा दिसतो आणि जमिनीवरच्या सावल्या नाहीशा होतात. शेवटी करडा, खालच्या कडा न दिसणारा निंबोस्ट्रेटस पसरतो आणि झड लागते. पण नुसते खळे दिसले म्हणून पाऊस येईलच असे नाही. एखाद्या दूरच्या गडगडाटी ढगाचा पसरलेला माथाही चंद्राभोवती खळे दाखवतो. पुढच्या काही तासांत पडदा दाट होत गेला, तरच त्या खुणेला अर्थ आहे.

ढगांची ही विभागणी नेहमी स्वच्छ दिसत नाही. झडीच्या थरातच कधी गडगडाटी ढग दडलेला असतो. थर आडवा आल्यामुळे त्याचा माथा दिसत नाही आणि अचानक वाढलेला जोर किंवा गडगडाट हीच त्याची चाहूल असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर ढीग जूनएवढा उंच नसतानाही गारा पाडू शकतो, कारण तेव्हा गोठणबिंदूची पातळी खाली असते आणि गारांना वितळायला कमी अंतर मिळते. ढिगाकडे पाहून पुढच्या दोन-चार तासांचा आणि थराकडे पाहून फार तर एका दिवसाचा अंदाज करावा. त्यापलीकडच्या दिवसांसाठी हवामान खात्याच्या नागपूर केंद्राचा अंदाज पाहावा लागतो.