घरचे आरोग्य : वरची पुळी आणि खोलची गाठ

दिवाळी जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत तोंडावरच्या मुरमांची पत्रे हमखास असतात. यंदाची दोन पत्रे तर शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

पहिले पत्र साताऱ्याच्या एका वडिलांचे. चिरंजीव चौदा वर्षांचे. नाकावर काळे ठिपके आणि कपाळावर बारीक पांढुरके दाणे आले आहेत. मुलगा दिवसातून आठ वेळा साबणाने तोंड धुतो, तरी ठिपके जात नाहीत. तेव्हा त्याला पुण्याच्या एखाद्या मोठ्या तज्ज्ञाकडे न्यावे काय? दुसरे पत्र सांगलीच्या एका आत्याबाईंचे. भाची एकोणीस वर्षांची. सात महिन्यांपासून तिच्या गालांवर आणि जबड्याच्या कडेने टणक, दुखऱ्या गाठी येतात. एकेक गाठ तीन-चार आठवडे राहते. त्या कुशीवर झोपवत नाही. ‘लग्न झाले की आपोआप जातात’ असे आजींचे मत असल्यामुळे घरात कोणी फारसे मनावर घेतलेले नाही. आत्याबाईंना फक्त एखाद्या चांगल्या क्रीमचे नाव हवे आहे.

म्हणजे पाहा, जिथे काळजीचे कारण नाही तिथे पुण्याची तयारी चालली आहे आणि जिथे एकेक आठवडा मोलाचा आहे तिथे सारे निवांत आहेत!

दोन्ही प्रकारांचे मूळ मात्र एकच. आपल्या त्वचेतल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. वयात येताना ती जास्त तेल करू लागते. त्याच वेळी केसाच्या नळीच्या तोंडाशी मृत पेशींचा बूच बसतो. नळीचे तोंड उघडे राहिले तर बुचाचा वरचा भाग हवेने काळा पडतो. हाच तो काळा ठिपका, म्हणजे ब्लॅकहेड. तो काळेपणा मळाचा नसून त्वचेच्या स्वतःच्या रंगद्रव्याचा असतो. म्हणून साबणाने जात नाही. तोंड मिटलेले राहिले तर पांढुरका दाणा दिसतो. आत साचलेल्या तेलात जंतू वाढले की लाल पुळी येते, तिच्यात पू झाला की पिवळे टोक दिसते. इथवरचा सारा मामला वरवरचा असतो.

पण कधी कधी नळीची भिंत खोलवर फुटते आणि आतला ऐवज सभोवतालच्या मांसात पसरतो. शरीर त्याच्यावर तुटून पडते. मग टोक नसलेली, टणक, ठणकणारी गाठ तयार होते; काही वेळा तिच्यात पाण्यासारखा पू साचून ती मऊ लागते. या झगड्यात त्वचेला आधार देणारे धागेच नष्ट होतात. ते पुरते भरून आले नाहीत म्हणजे कायमचा खड्डा पडतो. गाठ जितकी खोल आणि जितके दिवस टिकेल, तितका खड्ड्याचा धोका अधिक. पुळी दाबून फोडल्यानेही हेच होते. थोडा पू बाहेर येतो, पण नळीची भिंत आतल्या बाजूला फुटते.

साताऱ्याच्या चिरंजीवांना पुण्याला नेण्याची मुळीच गरज नाही. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा तोंड धुवावे, घासू नये. घरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री कोरड्या चेहऱ्यावर ॲडापॅलीनचे मलम लावावे. वाटाण्याएवढे मलम सबंध चेहऱ्याला पुरते. ते केवळ ठिपक्यांवर न लावता सगळीकडे लावायचे, कारण नवा बूच बसू न देणे हे त्याचे काम. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडून सोलल्यासारखी होते. तेव्हा एक दिवसाआड लावावे. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. पुष्कळ मंडळी तिसऱ्या आठवड्यातच मलम टाकून देतात आणि औषधाला नावे ठेवतात.

सांगलीच्या भाचीला मात्र दिवाळीचा फराळ आटोपण्याचीही वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे. त्यासाठी लांब जायला नको. मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचाविकार विभाग आहे. सातारा जिल्ह्यातल्या मंडळींना कऱ्हाडच्या कृष्णा रुग्णालयातही ही सोय आहे.

तज्ज्ञ आधी पाळीची चौकशी करतील. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर संप्रेरकांची तपासणी करावी लागते. एखादीच मोठी गाठ फार ठणकत असेल तर तिच्यात स्टेरॉइडचे अगदी थोडे इंजेक्शन देतात. दोन-तीन दिवसांत ती बसते. पण गाठी पुन्हा पुन्हा येत असल्या तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा विचार होतो. हे औषध तैलग्रंथीच आकसवते. भाचीचे वजन पन्नास किलो धरू. वजनाच्या दर किलोला एकूण सुमारे १२० मिलिग्रॅम या हिशेबाने तिला ६००० मिलिग्रॅम लागतील. रोज २५ मिलिग्रॅम घेतले तर २४० दिवस, म्हणजे आठ महिने झाले. गाठी फार असल्या तर आरंभ याहूनही कमी मात्रेने करतात, कारण सुरुवातीला मुरमे उसळण्याचा संभव असतो. ओठ बहुतेकांचे कोरडे पडतात. यकृताची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी आधी आणि मध्यंतरी करावी लागते. मन फार उदास वाटू लागले तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

आणि आजींनी हे मुद्दाम ऐकावे. या गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर एक महिनाभर गर्भ राहता कामा नये, कारण गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते. लग्न ठरत असेल तर ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. मैत्रिणीच्या डब्यातली गोळी तर कधीही घेऊ नये.

क्रीमचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. दुकानातून सहज आणलेल्या पुष्कळ ‘गोरे करणाऱ्या’ ट्यूबांत स्टेरॉइड असते. पहिले पंधरा दिवस चेहरा नितळ दिसतो. मग सबंध चेहऱ्यावर एकसारख्या लाल पुळ्या उठतात, त्वचा पातळ होते आणि ट्यूब सोडली की आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय ठेवावी. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे दिसली तर ती तोंडाला लावू नये. कोणी आधीच लावत असेल तर एकदम न थांबवता तज्ज्ञांना विचारावे.

आता घरातल्या घरात खूण कशी ओळखावी? पुळी आठवड्याभरात बसली, बोटाला वरच्यावर लागली, तर घरचे डॉक्टर पुरेत. टोक नसलेली गाठ त्वचेखाली खोल लागली, दुखली आणि दोन-तीन आठवडे टिकली, तर तज्ज्ञ गाठावा. साध्या मुरमांवर तीन महिने नेटाने उपचार करूनही गुण नसेल तरीही तसेच. डाग पडले असतील तर रात्री दिवा चेहऱ्याच्या एका बाजूला धरून आरशात पाहावे. डाग नुसता काळपट पण सपाट असेल, तर तो व्रण नव्हे. काही महिन्यांत तो फिका पडतो. उन्हापासून मात्र जपावे. दिव्याची सावली डागाच्या आत पडली तर तो खड्डा आहे. एक खड्डा दिसला तरी तेवढ्याने तज्ज्ञांकडे जायला हवे. झालेले खड्डे सुया, लेसर वगैरे उपायांनी उथळ होतात, पुरते बुजत नाहीत. शिवाय आधी नव्या गाठी थांबवाव्या लागतात.

राहता राहिले अभ्यंगस्नान. अंगाला तेल खुशाल लावावे. मात्र मुरमांच्या चेहऱ्याला तेल नको, आणि गाठी असलेल्या गालांवर उटणे तर मुळीच चोळू नये.